मदत हवी आहे: एम-थ्रीची एंडसेम महिन्यावर, चार युनिटं कोरी

तालमीतला_पोरगा
एसई कॉम्प्युटर, २०१९ पॅटर्न, चौथं सेम. आधी फिरोदियाच्या तालमी, मग कॉलेजचं गॅदरिंग, त्यात सेम संपत आलं. इनसेमला ३० पैकी १४ पडलेत. स्टॅटिस्टिक्स, प्रॉबॅबिलिटी आणि न्यूमेरिकल मेथड्सची दोन्ही युनिटं उघडलेलीच नाहीत. बाकीचे विषय वाचून काहीतरी लिहिता येईल, गणितात तसं जमत नाही. सदाशिव पेठेत अभ्यासिका लावली आहे, रोज तीन तास फक्त एम-थ्रीला देईन. सुरुवात कुठून करू? आणि प्रॉबॅबिलिटी ऑप्शनला टाकली तर चालेल का?

सनी_शनिवारातला
बिनधास्त टाक. युनिटला १७-१८ मार्क असतात, तीन युनिटं नीट केलीस तरी ५० च्या वर जातोस. मायक्रोप्रोसेसरला मी हेच केलं होतं.

बॅकबेंचर_माजी
सनी, मायक्रोप्रोसेसरला चाललं असेल, पण एम-थ्रीचा पेपर तसा नसतो. पहिला प्रश्न सक्तीचा, १० मार्कांचे एमसीक्यू, तेही चारही युनिटांतून. उरलेले ६० म्हणजे युनिटमागे १५. प्रॉबॅबिलिटी सोडली तर १५ गेले, वर एमसीक्यूतही फटका. त्यामुळे ती शेवटी घे, पण सोडू नकोस.

सहाव्या युनिटपासून सुरू कर, मग पाचवं, मग स्टॅटिस्टिक्स. न्यूमेरिकलला मागचं फारसं काही लागत नाही. रीत ठरलेली आणि कॅल्क्युलेटर चालतो. व्हिडिओ पहिल्यापासून बघत बसलास तर महिना त्यातच जाईल. झेरॉक्सवाल्याकडून मागचे चार-पाच पेपर आण आणि एकेका युनिटचे प्रश्न वेगळ्या वहीत उतरव. तेच प्रकार आकडे बदलून येताना दिसतील. प्रत्येक प्रकाराचं पहिलं गणित उत्तर समोर ठेवून सोडव, दुसरं झाकून. चार दिवसांनी त्यातलं एक कोऱ्या कागदावर परत. तिथे अडलास तर ते तुला आलेलं नाही, वहीत कितीही सुबक दिसो.

आज हे करून बघ, रुंगे-कुट्टा चौथ्या ऑर्डरने: dy/dx = x + y, y(0) = 1, h = 0.2. y(0.2) काढ आणि उत्तर इथे टाक.

बाणेरची_आई
माझा मुलगा बारावीला आहे, सीईटीला महिनाच राहिलाय. त्यानेही शेवटचे धडे आधी करावेत का?

बॅकबेंचर_माजी
नाही हो ताई, हे विद्यापीठाच्या एका पेपरापुरतं बोलतोय. सीईटीचं गणित वेगळं, तुम्ही नवा धागा काढा.

तालमीतला_पोरगा
१.२३८७ आलं.

बॅकबेंचर_माजी
चुकलं, आणि कुठे तेही कळतंय. तू k4 मध्ये k3 चं निम्मं घेतलंस. k2 आणि k3 ला आधीच्या k चं निम्मं घ्यायचं, k4 ला k3 पूर्ण आणि h सुद्धा पूर्ण.

```
k1 = 0.2(0 + 1)       = 0.2
k2 = 0.2(0.1 + 1.1)   = 0.24
k3 = 0.2(0.1 + 1.12)  = 0.244
k4 = 0.2(0.2 + 1.244) = 0.2888
k  = (k1 + 2k2 + 2k3 + k4)/6 = 0.2428
y(0.2) = 1.2428
```

या गणितात एक ताळा आहे. हे समीकरण सरळही सुटतं, y = 2eˣ − x − 1, आणि त्यातूनही १.२४२८ च येतं. पेपरात तेवढा वेळ मिळेलच असं नाही, तेव्हा निदान k2 आणि k3 जवळजवळ आलेत ना, तेवढं बघ. मात्र तुझी चूक त्यात सापडली नसती, कारण k2, k3 तुझे बरोबरच होते. k4 वर वेगळी नजर ठेव.

तालमीतला_पोरगा
तिथेच गंडलो होतो. प्रॉबॅबिलिटीत मला बायनॉमियल, पॉयसाँ, नॉर्मल यातलं कुठलं लावायचं तेच कळत नाही.

बॅकबेंचर_माजी
प्रश्नात काय दिलंय ते बघ. ठरावीक वेळा केलेला प्रयोग आणि दर वेळची शक्यता दिली असेल तर बायनॉमियल. वस्तू खूप आणि शक्यता अगदी कमी, किंवा नुसती सरासरी दिली असेल, तर पॉयसाँ. मीन आणि स्टँडर्ड डेव्हिएशन दोन्ही आणि नॉर्मल हा शब्द असेल तर नॉर्मल. तिथे आधी घंटेसारखा कर्व्ह काढून हवा तो भाग रंगव. आपल्याला बहुतेक वेळा शून्यापासून z पर्यंतचं क्षेत्रफळ देतात. z = 1 ला ०.३४१३. प्रश्न 'पेक्षा जास्त' विचारतो, तेव्हा ०.५ मधून वजा करून ०.१५८७. वजाबाकी विसरून ०.३४१३ च लिहून येणारे दर वर्षी भेटतात.

सनी_शनिवारातला
तरी १४ आहेत ना, आणखी २६ मिळाले की ४०, सुटलास.

बॅकबेंचर_माजी
आमच्या वेळी एंडसेमला ७० पैकी २८ वेगळे लागतात असं सर सांगायचे.

सनी_शनिवारातला
आम्हाला तर एकत्र ४० सांगितलंय. असं दोन तऱ्हेचं कसं?

तालमीतला_पोरगा
उद्या कॉलेजच्या परीक्षा विभागात विचारतो. तोपर्यंत २८ च धरून चालतो. दादा, लॅग्रांजचं इंटरपोलेशन आणि न्यूटनचं फॉरवर्ड डिफरन्स, दोन्ही करू की एक पुरेल?

बॅकबेंचर_माजी
दोन्ही कर. x मधलं अंतर सारखं नसेल तर फॉरवर्ड डिफरन्स चालतच नाही, तिथे लॅग्रांजच लागतो. आणि अंतर सारखं असलं तरी प्रश्नात रीत नावाने दिली असेल तर तीच वापरायची.