मदत हवी आहे: बॅकग्राउंड बदलाची मंजुरी एका फेरीत कशी घेता?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या भांडी बाजारातल्या एका शेठसाठी तांब्याच्या हंड्यांचे फोटो पांढऱ्या बॅकग्राउंडवर करतोय. आधीचा-नंतरचा फोटो शेजारीशेजारी जोडला, तर मोबाइलवर दोन्ही इतके बारीक दिसतात की हंड्याच्या कडेला उरलेली जुन्या हिरव्या पडद्याची झाक शेठना कळतच नाही.

म्हणून आता एकाच मापाचे, एकाच क्रॉपचे दोन वेगळे फोटो पाठवणार आहे. बोटाने सरकवलं की हंडा त्याच जागी, फक्त मागचं बदललेलं. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर कडा फुटत नाहीत, पण शेठ ते उघडतील का, शंकाच आहे!

तुम्ही कडेचा झूम केलेला तुकडा वेगळा देता, की फोटोवरच गोल करता? आणि तांब्यात पडलेलं हिरवं प्रतिबिंब काढायचं का, हेही तेव्हाच विचारून घेता का?