मदत हवी आहे: अडीच, पाच आणि आठ वर्षांच्या मुलांना घेऊन कुकीज, पीठ कोणतं आणि कुणाला कोणतं काम?

इंदिरानगरकर
नमस्कार मंडळी. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. सुट्टीला भाचरं आली आहेत, भाची आठ वर्षांची आणि भाचा पाचचा. माझी लेक अडीच वर्षांची. तिघांनाही कुकीज करायच्या आहेत. घरात छोटा ओटीजी आहे. चांदणी आणि मासा असे साचेही आणून ठेवलेत.

अडचणी तीन. मुलं पीठ मळतच राहतात, मग ते चिवट होईल का? सध्या इथे पारा चाळिशीच्या आसपास आहे, डब्यातलं तूप पाण्यासारखं पातळ झालंय. आणि लेक हाताला लागेल ते तोंडात घालते. अंडं नको आहे. प्रत्येकाला खरंखुरं काम मिळावं, नुसतं बघत बसायला नको.

खमंग
कुकीचं पीठ मळायचंच नसतं. जास्त हात लागला की ती कडक होते. मुलांना फक्त साचे मारू द्या, मिसळायचं काम तुम्ही करा.

मेनरोडची_माई
खमंग म्हणतात ते दूध किंवा अंडं घातलेल्या पिठाला लागू आहे. मैद्याला पाणी मिळालं आणि वर मळणं झालं की तो चिवट होतो. साच्यांच्या कुकीजमध्ये उरलेलं पीठ पुन्हा गोळा करून पुन्हा लाटावं लागतं, म्हणून शेवटच्या कुकीज दगडासारख्या होतात. साचे या खेपेला बाजूला ठेवा आणि नानकटाई करा. तिच्यात पाणी नाही, नुसतं तूप. मैद्याचा कण तुपाने माखला की मुलांनी कितीही चिवडलं तरी फारसं बिघडत नाही. लोणी मात्र घेऊ नका, त्यात पाणी असतं.

प्रमाण वजनाने घ्या: मैदा १५० ग्रॅम, बेसन ३० ग्रॅम, बारीक रवा २० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, साजूक तूप ११० ग्रॅम, अर्धा चमचा बेकिंग पावडर, वेलचीपूड, चिमूटभर मीठ. वीसेक नग होतात.

तूप आधी फ्रीजमध्ये ठेवून थिजवा. दगडासारखं नको, बोट दाबलं तर खळगा राहील इतपत. पातळ तुपात पीठ कालवलं तर नानकटाई ट्रेवर पसरून पोळी होते.

सगळा कारभार जमिनीवर, परात मधे ठेवून करा. स्टूलवर चढून ओट्याशी उभं राहणं नको. तापलेला ओटीजी वर आणि मुलं खाली, हे अंतर आपोआप राहतं. त्याची काचही चांगलीच भाजते, आणि वायर ओट्यावरून खाली लोंबू देऊ नका.

आठ वर्षांची भाची वजनकाट्यावर सगळं मोजेल आणि तूप-साखर फेसेल. परातीत तळहाताने गोल गोल, रंग पांढरट आणि स्पर्श हलका होईपर्यंत. ही खरी मेहनत आहे, तिला तीच आवडेल. पाचवाला पीठ चाळेल, गोळे वळेल आणि काट्याने वर रेघा ओढेल. अडीचवालीला भाचीने मोजून ठेवलेली वाट्यांतली पिठं परातीत ओतू द्या, आणि शेवटी प्रत्येक गोळ्यावर अंगठा दाबू द्या. तो खड्डा दिसायलाही छान दिसतो. ट्रे आत-बाहेर करणं फक्त तुमचं.

लहान असताना आम्ही घरचं तूप, साखर, मैदा घेऊन बेकरीत जायचो आणि भट्टीवाले नानकटाई भाजून द्यायचे. डबा घेऊन रांगेत उभं राहायचं काम पोरांकडेच असायचं.

पंचवटीकर
अंडं नाही म्हणजे कच्चं पीठ तोंडात गेलं तरी चालेल ना? आमच्याकडे पोरं चाटतातच.

मेनरोडची_माई
नाही, पंचवटीकर. कच्च्या पिठातही पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, ते भाजल्यावरच मरतात. अडीच वर्षांच्या पोटाला ते जास्त बाधतात. पीठ कढईत भाजून घेतलं तरी ते सगळे मेले याची घरी खात्री करता येत नाही. तिच्या शेजारी केळ्याच्या फोडींची बशी ठेवा, तोंड चालू राहील. काम झालं की तिघांचे हात साबणाने धुवा.

आणि वर अख्खा बदाम किंवा पिस्ता लावू नका, घशात अडकतो. सुकामेवा हवाच तर पूड करून पिठात घाला.

कुकरवाला
ताई, माझ्याकडे ओटीजी नाही. कुकरमध्ये मीठ घालून वर ताटली ठेवली तर चालेल का? मी गव्हाची कणीक आणि गूळ घालून करतो, पण ती मऊ राहतात.

खमंग
कुकरवाला, इथे प्रश्न मुलांच्या कामांचा आहे, वेगळा धागा काढा. तरी सांगतो, गुळात ओल असते म्हणून मऊ राहत असतील. कुकरची शिट्टी आणि रबर काढता ना?

इंदिरानगरकर
माई, खूप आभार. आजच करायला घेतलं. भाचीने तूप-साखर इतकी छान फेसली की हाताला दाणा लागत नव्हता. पण पीठ घातल्यावर पाचवाल्याचे गोळे वळताना फुटताहेत. दूध शिंपडू का?

मेनरोडची_माई
दूध नको, त्याने सगळं पीठच बदलेल. मुठीत दाबून बघा. गोळा धरला आणि लगेच भुगा झाला तर अर्धा चमचा तूप घाला, पुन्हा दाबा. प्रत्येक पीठ तूप सारखं पीत नाही, म्हणून हे हातानेच ठरवायचं. उलट तळव्यावर तुपाची चकाकी आली तर पीठ तापलंय, परात वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. भाजताना वर ज्या भेगा पडतात त्या हव्याच असतात, त्यांना घाबरू नका.

गोळे लहान-मोठे होणारच. लहान एका ट्रेवर आणि मोठे दुसऱ्या ट्रेवर लावा, नाहीतर लहान करपतात आणि मोठे कच्चे राहतात. ट्रे भरले की फ्रीजमध्ये ठेवा आणि तेव्हाच ओटीजी १७० अंशांवर दहा मिनिटं तापवा.

इंदिरानगरकर
एक चमचा तुपाने गोळे जमले. मोठ्यांचा ट्रे आत गेलाय. सोळा मिनिटं झाली, बोट लावलं तर अजून मऊच आहेत. अजून ठेवू?

मेनरोडची_माई
काढा. गरम असताना त्या मऊच असतात, गार होताना घट्ट होतात. कड आणि बूड फिकट बदामी दिसलं की झालं. वरून लाल होईपर्यंत थांबलात तर खालून जळतील. ट्रेवरच वीस मिनिटं राहू द्या, उचलू नका, आणि मुलांचा हात पोहोचेल तिथे ट्रे नको.

पंचवटीकर
मी चाटायचं बंद केलंय, पोरं रुसली आहेत. नाचणीचं पीठ निम्मं घातलं तर हीच युक्ती चालेल का?

मेनरोडची_माई
निम्मं जास्त होईल. नाचणीला मैद्याइतकी पकड नाही, गोळे लहान हातात फुटत राहतात. पाव भाग मी घालते, त्याच्या पुढे मी गेलेले नाही. कुणी केलं असेल तर सांगा.

इंदिरानगरकर
लेकीचे अंगठ्याचे खड्डे भाजल्यावर पुसट झालेत, तिला ते शोधावे लागताहेत. दुसऱ्या ट्रेला अजून खोल दाबायला सांगते. तोही सोळाच मिनिटं ठेवू का?

खमंग
दुसऱ्यात लहान गोळे आहेत आणि ओटीजी आता आतून पूर्ण तापलेला आहे. बाराव्या मिनिटापासून बघायला लागा.