‘पर्मनंट’ व्हायचं स्वप्न ९१ ने मोडलं का?

मृण्मयी_सांगली: १९९१ ला मी बारावीत होते. बाबांचं एकच म्हणणं होतं, बँकेत नाहीतर टेल्कोत चिकट आणि पर्मनंट हो. दहा वर्षांत वर्गातले चौघं अमेरिकेत गेले. आमची स्वप्नं अर्थव्यवस्था खुली झाल्यामुळे मोठी झाली, असं मला वाटतं. तुम्हाला?

सुहास_डोंबिवली: शंभर टक्के! आमच्याकडे चेतकसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. २४ जुलै १९९१ ला बहुतेक उद्योगांचं परवानाराज गेलं आणि रांगा संपल्या. मागितलं की मिळतं, हे आमच्या पिढीला पहिल्यांदा कळलं.

अनघा_कोथरूड: सुहास, परवान्यांचं बरोबर आहे, पण स्कूटरची रांग आधीच सैल होत आली होती. कायनेटिक होंडा आणि हिरो होंडा १९८४-८५ च्या सुमारास आल्या. मृण्मयीच्या वर्गाचं मूळही मला १९८३ मध्ये दिसतं. वसंतदादांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली नसती, तर नव्वदीत सॉफ्टवेअर कंपन्यांना एवढी पोरं मिळालीच नसती. ९१ ने त्या पदवीला गिऱ्हाईक दिलं. रुपया घसरल्यावर डॉलरमधलं काम फायद्याचं झालं, पुढे वायटूकेसाठी जुने कोबॉल प्रोग्रॅम तपासायला माणसं हवी झाली. मेकॅनिकलवाले सुद्धा संध्याकाळी कॉम्प्युटर क्लासला जायचे, ते यासाठी. पण आत शिरायला पैसे लागत. १९९३ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर या कॉलेजांत निम्म्या जागा फ्री, निम्म्या पेमेंट. दोन-चार मार्कांनी फ्री सीट हुकली की जमीन गहाण टाकायची की पोराला डिप्लोमाला घालायचं, हा हिशेब घरोघरी व्हायचा. स्वप्न किती मोठं पाहायचं, ते त्या हिशेबावर ठरायचं.

फिटर_चिंचवड: मी ९४ चा आयटीआय. मलाही पर्मनंटच व्हायचं होतं. एका कारखान्यात सात महिने काम, मग ब्रेक, मग नवं कार्ड. २४० दिवस भरले की हक्क मागता येतो, म्हणून भरूच द्यायचे नाहीत. शेजारच्या मशिनवरचे काका पर्मनंट, काम तेच, पगार माझ्या तिप्पट. लग्नाच्या बैठकीत पहिला प्रश्न तोच असायचा, पर्मनंट का? अमेरिका वगैरे आमच्या चाळीत कुणी बोललंच नाही.

सुहास_डोंबिवली: दादा, ब्रेक देणं ९१ च्या आधीही होतं. त्याचं खापर धोरणावर का?

अनघा_कोथरूड: होतं, मान्य. पण आधी ब्रेकवाल्याला वाटायचं, काका रिटायर झाले की जागा आपली. नव्वदीत काकांना व्हीआरएस देऊन ती जागाच काढून टाकली. आशा धरून थांबण्यात अर्थ उरला नाही, म्हणून लोक वाट बदलू लागले. त्यात परकी स्पर्धा किती आणि नवी यंत्रं किती, हे मला वेगळं काढता येत नाही.

मृण्मयी_सांगली: त्या चौघांपैकी तिघांनी पैसे भरून विनाअनुदानित कॉलेजात जागा घेतली होती. वर्गातल्या ज्यांना परवडलं नाही, ते कुठे गेले हे मी कधी विचारलंच नाही. फिटरदादा, तुम्ही शेवटी चिकटलात का?

फिटर_चिंचवड: नाही. २००१ ला लेथ घेतली, भाड्याच्या गाळ्यात. पोरगी कॉम्प्युटरला आहे. तिलाही आधी हेच विचारलं, पर्मनंट का?