शब्दचर्चा: एकाच तक्त्यात तीन ‘निव्वळ’

ओळखपाळख: राष्ट्रीय उत्पन्नाच्या घटकांच्या तक्त्याचा फोटो आलाय, मराठी करायचं आहे. आकडे कोटींत. खाजगी उपभोग ६००, सरकारी खरेदी १५०, निव्वळ गुंतवणूक ९०, घसारा ४०, निर्यात ८०, आयात १००, हस्तांतरणे ५०, परदेशातून निव्वळ घटक उत्पन्न (१०). खर्च पद्धतीने स्थूल देशांतर्गत उत्पादन ८२० काढलं, त्यातून १० आणि ४० वजा करून निव्वळ राष्ट्रीय उत्पादन ७७०. उत्तरपत्रिकेत मात्र ८६० आणि ८१० आहे. ‘निव्वळ’ शब्द चुकला का?

टाचणी: शब्द बरोबर आहे, वाचन चुकलं. गुंतवणूक निव्वळ दिली आहे, म्हणजे त्यातून घसारा आधीच गेलेला. स्थूल उत्पादनासाठी तो परत मिळवायचा: ९० + ४० = १३०. मग ६०० + १५० + १३० + ८० − १०० = ८६०. तुम्ही ९० तसेच घेतले आणि शेवटी पुन्हा ४० काढले, म्हणून दोन्ही उत्तरं बरोबर ४० नं कमी आली. फरक घसाऱ्याइतकाच निघाला, की चूक इथेच शोधायची.

सकलजन: मुळात ‘स्थूल’ का? स्थूल म्हणजे जाडजूड! ‘सकल’ म्हणा, सगळ्या कलांसकट, काही न वगळता.

वहीखाते: आमच्याकडे ढोबळ नफा आणि निव्वळ नफा. ढोबळच चालेल. आणि घसारा काढला की निव्वळ, एवढं साधं आहे.

टाचणी: नफ्यातली ‘ढोबळ’ची रेघ वेगळ्या जागी असते, ती इथे आणू नका. शिवाय या तक्त्यात ‘निव्वळ’ दोनदा आलाय, दोन अर्थांनी. गुंतवणुकीत तो घसारा वजा करून, घटक उत्पन्नात आलेल्यातून गेलेलं वजा करून. निर्यातीतून आयात गेली की ‘निव्वळ निर्यात’, हा तिसरा. इथे तो उणे २०.

नवशिका_७: पण (१०) मिळवायचे ना? मग ८३० होतील. आणि हस्तांतरणांचे ५० कुठे गेले?

टाचणी: हिशेबाच्या तक्त्यात कंस म्हणजे उणे. ८६० − १० = ८५०, हे स्थूल राष्ट्रीय. त्यातून ४० गेले की ८१०. हस्तांतरणांच्या बदल्यात वस्तू किंवा सेवा निर्माण झालेली नसते. ते पैसे लोकांनी खर्चले की उपभोगाच्या ६०० मध्ये येतातच. ताळा हवा तर थेट निव्वळ गुंतवणूक घेऊन बघा: ६०० + १५० + ९० − २० − १० = ८१०. घसाऱ्याला हातही लावावा लागत नाही.

ओळखपाळख: पटलं. मग तळटीपेत ‘घसारा वजा जाता गुंतवणूक’ असं लिहू?

सकलजन: लिहा, पण आधी ‘स्थूल’ काढा.

वहीखाते: ‘घसारा’ तरी राहू द्या. घासून झिजलेलं ते घसारा, शब्दातच अर्थ आहे. उद्या तिथेही संस्कृत आणाल.

सकलजन: ‘अवमूल्यन’ काय वाईट आहे?

टाचणी: अवमूल्यन चलनाचं होतं! यंत्राचं नाही.