घास छातीत अडकतो, बायोप्सीत इओसिनोफिल निघाले. नेब्युलायझरचं औषध प्यायचं? मासे सोडायचे?

हापूस_देवगड
वय २७, देवगडजवळ राहतो. कॉलेजात असल्यापासून मला सुका घास उतरत नाही. ठसका लागत नाही, श्वासही नीट चालतो, पण घास छातीच्या हाडामागे थांबतो आणि वर पाणी ओतलं की हळूहळू सरकतो. घरात म्हणतात, हा जेवायला बसला की तांब्या रिकामा.

मार्च महिन्यात चुलतबहिणीच्या हळदीला वडे-कोंबडी होती. रात्री नऊला कोंबडीचा तुकडा अडकला तो अडकलाच. प्यालेलं पाणी परत, थुंकीसुद्धा परत. आईने खाली ढकलायला केळं दिलं, मग भाताचा गोळा दिला, तोही वर आला. रात्रभर वाडगा मांडीवर घेऊन बसलो. सकाळी फोंडा घाटाने कोल्हापूर गाठलं, दुपारी दुर्बिणीतून तुकडा काढला आणि त्याच वेळी अन्ननलिकेचे सहा तुकडे तपासणीला पाठवले. रिपोर्टात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ६० आले, १५ किंवा वर असले की इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस हा अन्ननलिकेच्या सुजेचा आजार धरतात म्हणे. दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे एंडोस्कोपी झाली होती, तेव्हा तुकडे न घेताच 'नॉर्मल' लिहून दिलं होतं.

ॲसिडिटीची गोळी सकाळ-संध्याकाळ ८ आठवडे घेतली. पुन्हा तपासलं तर ४२. आता ब्युडेसोनाइड या स्टिरॉईडच्या नेब्युलायझरच्या कुप्या दिल्यात, ०.५ मिलीग्रॅमच्या, सकाळी दोन आणि रात्री दोन, प्यायला. शिवाय एक झेरॉक्स दिली: दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाणे-काजू, मासे बंद. "जमलं तर हेही बघा" म्हणाले.

मेडिकलवाला म्हणतो ही वाफेनेच घ्यायची, पिऊ नका. कोण खरं? आणि मासे सोडले तर आमच्या घरात माणसाने जेवायचं काय? औषध आणि पथ्य दोन्ही एकदमच सुरू करून विषय संपवावा असं मनात आहे.

रापणकर
माझ्या चुलत्याक पण असाच व्हायचा. शेवटी पित्त निघाला. आगळ, तिरफळ बंद कर, रात्री लवकर जेव. उगाच स्टिरॉईडच्या नादाक लागू नको.

हापूस_देवगड
काका, पित्ताच्या गोळ्या दोन महिने दिवसातून दोनदा घेऊनच हा ४२ चा आकडा आलाय.

चिपळूणवाले
माझ्या मुलाला दमा आहे, त्यामुळे या कुप्या ओळखीच्या आहेत. त्या नेब्युलायझरच्याच. त्यापेक्षा रक्ताची ॲलर्जी टेस्ट करा. पदार्थांची भली मोठी यादी मिळते. जे पॉझिटिव्ह येईल ते सोडा, बाकी खुशाल खा.

गुहागरची_सिस्टर
मी मुंबईत एंडोस्कोपी विभागात आहे, हे पेशंट रोज बघते. चिपळूणवाले, कुप्या नेब्युलायझरच्या हे बरोबर, पण या आजारात त्या गिळायलाच देतात. औषध फुप्फुसात जायला नको, अन्ननलिकेच्या आतून माखायला हवं. पातळ प्यालात तर सरळ पोटात जाईल, म्हणून घट्ट करायचं: दोन कुप्या वाटीत, त्यात चमचाभर मध, नीट ढवळून थोडं थोडं गिळायचं. त्यानंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही, मग चूळ भरायची. रात्रीचा डोस दात घासून, अगदी झोपताना. बहुतेकांना मोठा त्रास होत नाही, कारण पोटातून जे रक्तात जातं त्यातलं बरंचसं औषध यकृतातच निष्क्रिय होतं. घशात किंवा अन्ननलिकेत बुरशी मात्र धरू शकते. तोंडात पांढरे डाग दिसले किंवा गिळताना दुखायला लागलं तर दाखवा, त्यावर औषध आहे.

रक्ताच्या टेस्टचं म्हणाल तर या आजारात ती दिशाभूल करते. टेस्टमध्ये कोळंबी पॉझिटिव्ह येते आणि खरा गुन्हेगार दूध असतं, असं होतं. कोणता पदार्थ नडतो ते शोधायचा एकच खात्रीचा मार्ग: सोडायचा, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तुकडे तपासायचे.

म्हणूनच दोन्ही एकदम नको. उद्या आकडा खाली आला तर औषधाने आला की पथ्याने, हे कसं कळणार? मग बिचारे मासे आयुष्यभर उगाच बंद.

आणि पुन्हा कधी थुंकीसुद्धा उतरत नसेल तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री निघा. केळं, भात तर अजिबात नको, वरच्या नळीत गर्दी होते आणि उलटून श्वासनलिकेत जाऊ शकतं.

आंबोलीचा_पाऊस
मी चार वर्षांपूर्वी यातून गेलो. गोळी मला नको होती, म्हणून फक्त दूध सोडलं. फक्त म्हणायला सोपं! चहा कोरा, दही-ताक गेलं, तूप गेलं, बिस्किटं गेली, बेकरीच्या पावात दूध पावडर निघाली. सोलकढी नारळाच्या दुधाची, तिने वाचवलं. दोन महिन्यांनी आकडा ४ आला. मासे एक दिवस सोडले नाहीत. गहू सोडावा लागला असता तरी आपल्याकडे तांदळाची भाकरी, घावणे, आंबोळी आहेतच. घाटावरच्या माणसाचे हाल होतात.

गुहागरची_सिस्टर
तुमचं नशीब, सगळ्यांचं एका दुधावर भागत नाही. पण सुरुवात दुधापासून करणं शहाणपणाचं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निकाल आले. मोठ्या माणसांत सहाही गट बंद केले तर ४० टक्के लोकांच्या पेशी आटोक्यात आल्या, नुसतं दूध बंद केलं तर ३४ टक्के. एवढ्याशा फरकासाठी पहिल्याच फटक्यात सुरमई कशाला सोडा?

चिपळूणवाले
मग कुळीथ? तेही सोयासारखं कडधान्यच.

गुहागरची_सिस्टर
यात एकमत नाही. काही डॉक्टर फक्त सोया बंद करतात, काही सगळी कडधान्यं. झेरॉक्स देणाऱ्यांनाच विचारा.

हापूस_देवगड
आधी औषध, पथ्य नंतर बघू. पण पहिल्याच दिवशी छाती धडधडायला लागली, हात कापले. स्टिरॉईडने असं होतं?

गुहागरची_सिस्टर
कुपीवर लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचून इथे टाका.

हापूस_देवगड
ब्युडेसोनाइड ०.५... आणि खाली बारीक अक्षरात लेव्होसाल्ब्युटामॉल.

गुहागरची_सिस्टर
तेच. दम्याची जोडकुपी दिलीय तुम्हाला, धडधड त्या दुसऱ्या औषधाची. लगेच थांबवा, डॉक्टरांना फोन करा आणि नुसत्या ब्युडेसोनाइडची आणा. आणताना आकडाही बघा, तेवढ्याच आकाराची कुपी १ मिलीग्रॅमचीही मिळते. ती मिळाली तर चार नाही, दोनच पुरतात.

चिपळूणवाले
हे मला माहीत नव्हतं. मुलाचा डबा आत्ताच उघडून बघितला. आमचीही जोडकुपीच निघाली, पण त्याला तीच लिहून दिली आहे.

हापूस_देवगड
(सात आठवड्यांनी) बदललेल्या कुप्या चालू आहेत. काल सुकी भाकरी पाण्याशिवाय खाल्ली, आई बघतच राहिली. डॉक्टरांनी १२ आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण सांगितलीय. एवढं बरं वाटतंय तर ती टाळली तर चालेल?

आंबोलीचा_पाऊस
टाळू नकोस. मला काहीच वाटत नव्हतं आणि नंतर दूध पुन्हा सुरू केल्यावर आकडा ३० होता. वर्षानुवर्षं पाण्याने ढकलून, चावून चावून जेवायची सवय झाली की आपण स्वतःलाच फसवतो.

गुहागरची_सिस्टर
सूज तशीच राहिली तर नळी आतून अरुंद होत जाते, मग फुगवून रुंद करावी लागते. आणि आकडा चांगला आला तरी स्वतःहून बंद करू नका. बहुतेकांचं परत येतं. डोस कमी करता येतो का, ते रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील.

रापणकर
म्हणजे जन्मभर मध चाटायचा काय?

हापूस_देवगड
काका, वड्याच्या पहिल्या घासाला घाम फुटायचा, त्यापेक्षा मध बरा. तारीख मिळाली आहे, ऑगस्टच्या शेवटी. त्या दिवशी घाटात दरड नसली म्हणजे मिळवली.