मदत हवी आहे: कॅबिनेटला झिणझिण्या, अर्थिंगचं काय करू?

जळगावजवळ गावात जुनं घर आहे. डेस्कटॉपच्या कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लागलं की झिणझिणतं, अनवाणी असलं तर जास्तच. सॉकेटवर मीटर लावला: फेज-न्यूट्रल 230, पण पीसी जोडलेला असताना फेज-अर्थ 117 आणि न्यूट्रल-अर्थ 113. म्हणजे अर्थिंग तुटलंय आणि एसएमपीएसच्या फिल्टर कपॅसिटरमुळे बॉडीवर निम्मा व्होल्टेज येतोय, असं दिसतं. कॉर्ड बदलली, दुसरा एसएमपीएस लावून पाहिला, फरक शून्य. अर्थिंगच्या खड्ड्यातली काळी माती उन्हानं भेगाळलीय. दोन बादल्या पाणी ओतलं, तरी आकडे तेच.

वायरमन म्हणतो, सॉकेटमध्ये न्यूट्रल-अर्थ जोडून टाकू. ते नकोच, न्यूट्रल तुटला तर बॉडीवर पूर्ण 230 येतील. मेन बोर्डावर आरसीसीबी नाही.

आधी खड्ड्यापासून सॉकेटपर्यंतची वायर तपासू, की सरळ नवा रॉड ठोकून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवू?