पार्किंगमधला पंखा आणि धुळ्याचे चार्जिंग

अ-१०२ (सचिव), सकाळी ७.४०
सर्व सभासदांना नमस्कार. काल रात्री साडेअकराच्या सुमारास तळघरातील पार्किंगमध्ये क-५०१ यांची इलेक्ट्रिक गाडी कुलूपबंद असतानाही तिच्या बॉनेटमधून पंख्याचा मोठा आवाज येत होता आणि तो दहा-बारा मिनिटे थांबला नाही, असे वॉचमनने कळवले आहे. तो घाबरून वाळूची बादली घेऊन उभा राहिला होता. काय प्रकार होता, हे क-५०१ यांनी कृपया कळवावे.

क-५०१
सचिव साहेब, वॉचमनदादांना त्रास झाला त्याबद्दल क्षमस्व. आम्ही जळगावहून लग्न आटोपून परतलो होतो आणि वाटेत मालेगावला फास्ट चार्जिंग केले होते. गाडी बंद केल्यावर पंखा फिरत राहतो, हे मीही प्रथमच पाहिले. खरे तर मलाच या विषयावर विचारायचे होते. जाताना सकाळी ११ वाजता पाथर्डी फाट्यावरून निघालो तेव्हा बॅटरी ९० टक्के होती. चांदवड, मालेगाव करत दीडच्या सुमारास धुळ्याला पोहोचलो तेव्हा २६ टक्के उरली होती आणि बाहेर ४३ अंश होते. चार्जर ६० किलोवॅटचा होता आणि आमची गाडी ५० किलोवॅटपर्यंत घेते. सुरुवातीची सहा मिनिटे ४२ किलोवॅट मिळाले, मग वेग एकदम २४ वर आला आणि बॅटरीचे तापमान जास्त असल्यामुळे चार्जिंगचा वेग मर्यादित केल्याचा संदेश पडद्यावर आला. ८० टक्क्यांपर्यंत भरण्याचे अर्ध्या तासाचे काम ५० मिनिटांवर गेले. चार्जर चालवणाऱ्यांकडे मी तक्रारही नोंदवली आहे. बॅटरी खराब होत आहे का?

ब-३०४
वाहनांच्या शीतकरण प्रणालीवर मी अंबडमध्ये बरीच वर्षे काम केले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. सभासदांनी लांबीबद्दल सांभाळून घ्यावे.

तुमच्या बॅटरीला काही झालेले नाही. तिने स्वतःला जपले, एवढेच. तुमची बॅटरी ४० युनिटची असून तिचा दाब साधारण ३३० व्होल्ट धरला, तर ५० किलोवॅटने भरताना तिच्यातून सुमारे १५० अँपिअर प्रवाह जातो. सगळ्या सेलचा मिळून अंतर्गत रोध समजा ०.१ ओहम आहे. प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध हा शाळेतला हिशेब केला, तर सव्वादोन हजार वॅट उष्णता बॅटरीच्या आतच तयार होते. पाणी तापवण्याचा मोठा हीटर खोक्यात बंद करून चालू ठेवावा, तसा हा प्रकार आहे. बॅटरीचे वजन २८० किलोच्या आसपास असेल, तर थंड करण्याची सोय नसताना अर्ध्या तासात तिचे तापमान १४-१५ अंशांनी वाढते. तुम्ही धुळ्यात पोहोचलात तेव्हा ती ४० च्या वर होतीच, म्हणजे गणित सरळ ५५ पर्यंत जाते.

आता प्रवाह निम्मा केला, तर उष्णता निम्मी होत नाही, चौथाई होते, कारण हिशेबात वर्ग आहे. ७५ अँपिअरला जेमतेम ५६० वॅट उरतात. गाडीने २४ किलोवॅटवर येऊन नेमके हेच केले. तितकीच वीज भरायला दुप्पट वेळ लागतो, पण एकूण उष्णता निम्मीच तयार होते आणि ती बाहेर काढायला शीतकरणालाही दुप्पट वेळ मिळतो.

क-५०१
पण गाडी चालवताना कधीच इशारा आला नाही. उन्हात १०० च्या वेगाने दीडशे किलोमीटर आलो, तेव्हा ती तापली नाही का?

ब-३०४
तापली, पण दोन कारणांनी तुम्हाला ते जाणवले नाही. एक म्हणजे सपाट रस्त्यावर एका वेगाने चालताना गाडी सरासरी १५-१६ किलोवॅटच ओढते, म्हणजे फास्ट चार्जिंगच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी प्रवाह वाहतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. सेल बनवणारे वापरासाठी आणि चार्जिंगसाठी वेगवेगळ्या तापमानमर्यादा देतात. लिथियम सेल ६० अंशांपर्यंत वीज देऊ शकतो, पण भरताना मर्यादा बहुधा ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान असते आणि गाडीचे सॉफ्टवेअर त्या आधीच हात आखडता घेते. म्हणूनच चालायला ठणठणीत असलेली गाडी चार्जरला लावल्यावर कुरकुरते. नेमका आकडा प्रत्येक कंपनीचा आणि प्रत्येक सेलच्या रसायनाचा वेगळा असल्यामुळे दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करून फार काही हाती लागत नाही.

राहिला पंख्याचा प्रश्न. बॅटरीखालच्या पट्ट्यांतून शीतद्रव फिरतो आणि पुढच्या रेडिएटरमध्ये निवतो. पण रेडिएटर बाहेरच्या हवेपेक्षा थंड काहीही करू शकत नाही. धुळ्यात हवाच ४३ अंशांची आणि डांबरालगतची त्याहूनही गरम असेल, तर रेडिएटरकडून ४० ची अपेक्षा कशी करणार? अशा वेळी गाडी चिलर वापरते, म्हणजे केबिनच्या एसीचाच कॉम्प्रेसर शीतद्रव थंड करतो. एक कॉम्प्रेसर आणि त्याला दोन गिऱ्हाइके. तुम्ही आत बसून एसी १८ वर लावून ठेवला असेल, तर बॅटरीच्या वाट्याचा थंडावा तुम्ही घेतलात. गाडी बंद केल्यावरही आत साठलेली उष्णता काढण्यासाठी बऱ्याच गाड्यांत पंप आणि पंखा काही मिनिटे चालू राहतात. वॉचमनने ऐकला तो हाच आवाज.

अ-२०३
माझ्या समजुतीप्रमाणे अशा वेळी दोष चार्जरचाच असतो. उन्हात ती यंत्रेही तापतात. मी स्वतः शिर्डीच्या वाटेवर ६० किलोवॅटच्या चार्जरवर ३० च्या वर जाताना पाहिलेले नाही.

ब-३०४
काका, तुमचाही मुद्दा बरोबर आहे, पण ते प्रकरण वेगळे असावे. दोन गन असलेला ६० किलोवॅटचा चार्जर पुष्कळदा दोन गाड्या लागल्या की प्रत्येकीला ३० देतो. त्यात तापमानाचा काही संबंध नाही. शेजारची गाडी निघून गेल्यावर तुमचा आकडा वर चढला, तर कारण तेच समजावे. चार्जरचे कपाट तापले किंवा गनच्या पिनांमधील तापमान-संवेदकाने तक्रार केली, तरी प्रवाह कमी होतो, पण मग त्या गनवर येणाऱ्या प्रत्येक गाडीला कमीच मिळते. क-५०१ यांच्या बाबतीत संदेश गाडीच्या पडद्यावर होता आणि वेग सहा मिनिटांनी पडला. किती प्रवाह हवा, हे गाडीच क्षणोक्षणी चार्जरला सांगत असते आणि चार्जर त्याहून जास्त देत नाही. त्यामुळे ती तक्रार मागे घेतलेली बरी.

बॅटरीला थंड करण्याची सक्रिय सोयच नसेल तर काय होते, याचा अनुभव जगाने घेतलेला आहे. निसान लीफच्या बॅटरीला शीतद्रवाची सोय नव्हती. २०१२ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोनाच्या उन्हात तिच्या बॅटऱ्यांची क्षमता लवकर घटल्याच्या तक्रारी आल्या आणि २०१८ मध्ये नव्या लीफच्या मालकांना एकाच दिवशी दुसऱ्यांदा फास्ट चार्जिंग करताना वेग निम्म्यावर आल्याचे आढळले. आपल्याकडे खानदेशातला मे महिना ॲरिझोनाच्या मागे नाही.

क-५०१
मग पुढच्या वेळी करायचे काय? जूनच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा जायचे आहे.

ब-३०४
धुळ्यात ८० टक्के भरण्याची गरजच नव्हती, असे मला वाटते. जळगाव तिथून ९० किलोमीटर, म्हणजे तुमच्या गाडीला ३५-३६ टक्के लागतात. ६० टक्क्यांवर गन काढली असती, तर कमी झालेल्या वेगानेही अर्ध्या तासात मोकळे झाला असता आणि वर २०-२५ टक्के शिल्लक राहिली असती. त्याहून चांगले म्हणजे पहाटे पाच वाजता निघावे. रात्रभर तळघरात उभी असलेली बॅटरी ३० अंशांच्या आसपास असते आणि धुळे गाठेपर्यंत हवाही फार तापलेली नसते. शेवटचे वीस किलोमीटर ८० च्या वेगाने चालवावेत, शेड असलेला चार्जर निवडावा आणि चार्जिंग चालू असताना एसी बंद करून बाहेर चहा घ्यावा. तापलेली गाडी उन्हात उभी करून "थोडी निवू दे" म्हणत थांबण्यात अर्थ नाही. २८० किलोचा ठोकळा तसा तासाभरातही फारसा निवत नाही.

आणखी एक गोष्ट. बॅटरी फार तापली की ब्रेक लावताना परत येणारी वीजही ती घेत नाही, कारण तेही चार्जिंगच असते. फास्ट चार्जिंगनंतर लगेच घाट उतरायचा असेल, तर गाडी नेहमीसारखी आपोआप मंदावणार नाही, हे लक्षात ठेवून पाय ब्रेकजवळ असू द्यावा.

ब-१०४
दादा, माझी शंका थोडी वेगळी आहे. आमची गाडी फास्ट चार्जरला आम्ही कधीच लावत नाही. खाली सोसायटीच्या ७.२ किलोवॅटच्या पॉइंटवर रात्री लावतो. गेल्या आठवड्यात दोनदा तापमानाचा इशारा येऊन चार्जिंग थांबले. हाही उन्हाळ्याचाच परिणाम का?

ब-३०४
नाही वहिनी, याकडे मात्र दुर्लक्ष करू नका. ७.२ किलोवॅटला बॅटरीतून फक्त २२ अँपिअर जातात. वरचाच हिशेब केला, तर आत ५० वॅटसुद्धा उष्णता तयार होत नाही, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. रात्री ३२ अंशांच्या तळघरात त्याने बॅटरी तापूच शकत नाही. पण एसी विजेचे डीसी करणारा चार्जर तुमच्या गाडीतच बसवलेला असतो आणि तो मात्र चारपाचशे वॅट उष्णता टाकतो. अनेक गाड्यांत त्यालाही शीतद्रवच थंड करतो. तो द्रव फिरत नसेल, तर तक्रार इथेच आधी दिसते. गाडी पूर्ण थंड असताना बॉनेट उघडून शीतद्रवाच्या टाकीतील पातळी खालच्या खुणेच्या वर आहे का पाहावे आणि चार्जिंग सुरू असताना पंपाची बारीक घरघर येते का ऐकावे. पातळी कमी असली तरी नळाचे पाणी अजिबात घालू नका, सर्व्हिस सेंटरला दाखवा. केबिनचा एसीही हल्ली कमी थंड होतो का? तसे असेल, तर गॅस कमी असण्याचीही शक्यता आहे.

अ-१०२ (सचिव)
वॉचमनने नेमके कशाला घाबरायचे, हेही सांगून ठेवावे, म्हणजे मला सूचना लावता येईल.

ब-३०४
पंख्याच्या आवाजाला घाबरण्याचे कारण नाही. गाडीखालून पांढरट वाफ किंवा धूर येणे, गोडसर, रसायनासारखा उग्र वास येणे, फटफट असे आवाज येणे, यांपैकी काहीही दिसले तर जवळ न जाता पार्किंगचा मुख्य वीजपुरवठा बंद करून अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे. सेलच्या आतला संरक्षक थर साधारण ८० ते १२० अंशांच्या दरम्यान विघटित होऊ लागतो, त्यामुळे ५० अंशांजवळ वेग कमी करणारा इशारा आणि हा प्रकार यांत बरेच अंतर आहे. पडद्यावर लाल रंगात "गाडी थांबवून बाहेर पडा" अशा अर्थाचा इशारा आला, तर मात्र तो वाचत बसू नये, आधी सर्वांनी उतरावे. वाळूच्या बादलीने ही आग विझत नाही, हेही दादांना सांगावे. तिला भरपूर पाणी लागते.

ब-१०४, दोन दिवसांनी
दादा, गाडी आज दाखवून आणली. टाकीतील पातळी खालच्या खुणेच्या बोटभर खाली होती आणि पंपाजवळच्या नळीची क्लिप सैल होऊन द्रव थेंबथेंब गळत होता. क्लिप बदलली, द्रव भरून हवा काढली. काल रात्री ७.२ वर सलग पाच तास चार्जिंग झाले आणि इशारा आला नाही. एसीचा गॅस ठीक होता.